पाणीबंदच्या सूचनांसाठी अधिकृत फीड: पत्रात काय मागावं?

प्रश्न: ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या साइटवरून पाणीबंदच्या सूचना स्क्रेप करून सोसायट्यांना कळवतो. त्याऐवजी फीड द्या, असं पत्र वेब टीमला कसं लिहू?

नुसतं ‘एपीआय द्या’ लिहू नका. सूचनांच्या पानाचा साधा आरएसएस फीड मागा आणि प्रत्येक सूचनेला न बदलणारा क्रमांक (`guid`), प्रसिद्धीची वेळ (`pubDate`), शीर्षक आणि पीडीएफची लिंक द्या, असं स्पष्ट लिहा. अनेक साइट-प्रणालींत आरएसएसची सोय आधीच असते, फक्त सुरू करायची असते, त्यामुळे टीमला हो म्हणणं सोपं जातं.

पत्रात एकच उदाहरण द्या, पण नीट. समजा, बुधवारचं पाणीबंद गुरुवारवर ढकललं आणि त्याच लिंकवर नवी पीडीएफ चढवली. लिंक तीच, म्हणून स्क्रेपरला ही सूचना आधीच पाहिलेली वाटते आणि लोक बुधवारसाठीच पिंप भरून ठेवतात. म्हणून दुरुस्तीपत्रक ही वेगळी नोंद हवी, नवा `guid` आणि शीर्षकात मूळ सूचनेचा क्रमांक. सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच, बाकीचं मागून आलं तरी चालेल.

तुम्ही सध्या किती वेळाने साइट तपासता तेही लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उलट फीडमुळे त्यांच्या सर्व्हरवरचा भार कमी होईल हे दिसतं. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(2) चा उल्लेख करा. मात्र ते कलम इंटरनेटसह विविध माध्यमांतून स्वतःहून माहिती द्यायला सांगतं, आरएसएसची सक्ती करत नाही. तेव्हा भाषा विनंतीचीच ठेवा.