मुलाखतीत उत्तर अर्धवट तुटले, तर उमेदवाराला ई-मेल कसा लिहावा?

प्रश्न: जळगावच्या एका पाइप कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात नवीन आहे. धडगावच्या एका उमेदवाराची व्हिडिओ मुलाखत चालू होती. तो उत्तर देत असतानाच कनेक्शन तुटले आणि पुन्हा जुळले नाही. आता त्याला ई-मेलमध्ये नेमके काय लिहू?

उत्तर: आपले कोणते शब्द तुमच्यापर्यंत पोहोचले आणि कोणते पोहोचले नाहीत, हे त्या उमेदवाराला ठाऊक नाही. आपल्या ई-मेलचे पहिले काम त्याला तेवढे सांगणे हे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट अशा पत्रांतून बहुधा सुटते. त्याच्या बाजूने आवाज बाहेर जाणे बंद झाले, तरी तुमचे चित्र त्याला काही क्षण दिसत राहते, म्हणून तो बोलतच राहतो. अनेकदा तो उत्तर पूर्ण करतो आणि मग पडदा गोठल्याचे त्याच्या लक्षात येते. आपण सगळे सांगितले अशी त्याची समजूत असते आणि तुमच्या मंडळाने मात्र अर्धेच ऐकलेले असते. नुसते ‘तांत्रिक अडचणीमुळे मुलाखत पूर्ण होऊ शकली नाही’ असे लिहिल्याने ही तफावत मिटत नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी मंडळातील प्रत्येकाला विचारून दोन गोष्टी कागदावर घ्या: संपर्क तुटल्याची वेळ आणि शेवटचे स्पष्ट ऐकू आलेले वाक्य. हे त्याच दिवशी करावे, कारण दुसऱ्या दिवशी दोघांच्या आठवणी दोन प्रकारच्या निघतात. गुणपत्रकात त्या प्रश्नापुढे गुण न देता ‘अर्धवट’ असा शेरा मारून ठेवायला सांगा.

संपर्क कोणाच्या बाजूने तुटला, हेही तपासून घ्या. मंडळातील एक जण घरून आणि दोघे कारखान्यातून जोडलेले असतील आणि तुटल्यानंतरही ते एकमेकांना ऐकत असतील, तर अडचण बहुधा उमेदवाराकडची असते. तिघेही एकाच खोलीत एकाच राउटरवर बसले असतील, तर असा निष्कर्ष काढता येत नाही. सगळेच एकदम बाहेर पडले असतील, तर घड्याळ पाहा: झूमच्या मोफत खात्यावरील बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद होते, आणि तिघे किंवा अधिक जण असतील तर मोफत गूगल मीट ६० मिनिटांनी. तसे झाले असेल तर पत्रात स्पष्ट लिहा की खंड आमच्याकडून पडला. खात्री नसेल तर कारणाचा उल्लेखच करू नका. ‘आपल्या इंटरनेटमुळे’ हे दोन शब्द वाचले की उमेदवार पुढची सारी मुलाखत अपराधी मनाने देतो.

विषयाची ओळही विचारपूर्वक लिहावी. मोबाइलवर तिचे पहिले काही शब्दच दिसतात, आणि ‘आपल्या मुलाखतीबाबत’ अशी सुरुवात दिसली की नकार आला असेच उमेदवाराला वाटते. पाइपच्या कारखान्यातील क्वालिटी इन्स्पेक्टरचे पद आणि शुक्रवारी तुटलेली मुलाखत असे धरून मी पत्र असे लिहीन:

विषय: उरलेली मुलाखत सोमवारी किंवा मंगळवारी – क्वालिटी इन्स्पेक्टर पद

श्री. ______ यांस,
सप्रेम नमस्कार.

आज, शुक्रवार, दि. १० जुलै २०२६ रोजी आपली मुलाखत सुरू असताना दुपारी ३ वाजून २२ मिनिटांनी संपर्क तुटला. त्या वेळी आपण ‘पाइपच्या भिंतीची जाडी एका बाजूला कमी येत असेल तर काय तपासाल’ या प्रश्नाचे उत्तर देत होता. ‘आधी चारही बाजूंनी जाडी मोजेन आणि मग डायचे सेंटरिंग’ येथपर्यंतचे आपले बोलणे आम्हाला स्पष्ट ऐकू आले. त्यानंतरचे काहीही आमच्यापर्यंत पोहोचले नाही.

येथपर्यंतची मुलाखत ग्राह्य धरली आहे. ती पुन्हा द्यावी लागणार नाही. या प्रश्नाचे गुण अद्याप दिलेले नाहीत. पुढच्या वेळी आपण हे उत्तर आधी पूर्ण करावे. त्यानंतर याच विषयावरील एक नवा प्रश्न आणि उरलेले दोन प्रश्न विचारले जातील. एकूण सुमारे २५ मिनिटे लागतील.

सोमवार, दि. १३ जुलै, दुपारी ४ किंवा मंगळवार, दि. १४ जुलै, सकाळी ११, यांपैकी सोयीची वेळ कळवावी. दोन्ही गैरसोयीच्या असल्यास आपण वेळ सुचवावी. लिंक तीच राहील. चित्र अडखळू लागल्यास कॅमेरा बंद करून बोलावे. त्याचा मूल्यमापनाशी संबंध नाही. तरीही संपर्क तुटल्यास आम्ही पाच मिनिटांत आपल्या मोबाइलवर फोन करू आणि मुलाखत फोनवरच पूर्ण करू.

आपला/आपली,
(नाव, पद, मोबाइल क्रमांक)

यातील काही वाक्यांमागचे कारण सांगतो. ‘नवा प्रश्न’ ठेवला आहे तो न्यायासाठी. जुन्या प्रश्नावर विचार करायला या उमेदवाराला तीन दिवस मिळाले, इतरांना तीन मिनिटेही मिळाली नव्हती. जुने उत्तर पूर्ण करू न देणे त्याच्यावर अन्याय, आणि केवळ त्यावरच गुण देणे इतरांवर. प्रक्रियेची जाण दोन्ही उत्तरांत दिसली पाहिजे. जाडी एकाच बाजूला कमी असेल तर संशय डायच्या सेंटरिंगवर जातो, तर सगळीकडे सारखीच कमी असेल तर पाइप ओढण्याच्या गतीवर. तेव्हा नवा प्रश्न या दुसऱ्या दोषावर विचारता येईल. मात्र ‘ग्राह्य धरली आहे’ हे वाक्य मंडळाने खरोखर तसे ठरवले असेल तरच लिहा.

कॅमेऱ्याचे वाक्य उपकारासाठी नाही. नुसत्या आवाजाला साधारण १०० केबीपीएसची जोडणी पुरते, चांगल्या चित्राला तिच्या कित्येक पट लागते. कमकुवत रेंजमध्ये चित्र बंद केल्याने मुलाखत वाचू शकते, पण कॅमेरा बंद केला तर गैरसमज होईल या भीतीने उमेदवार स्वतःहून तो बंद करत नाही. परवानगी आपणच द्यायला हवी.

वेळेचा विचार आपल्या भागाकडे पाहून करा. धडगाव सातपुड्यात आहे. पावसाळ्यात तिथे लाइट गेली आणि बराच वेळ आली नाही, तर मोबाइल टॉवरची बॅटरीही उतरते. ‘अर्ध्या तासात पुन्हा जोडा’ असे कळवणे म्हणजे त्याला डोंगरावर रेंज शोधत फिरायला लावणे होय. चांगल्या नेटसाठी त्याला घाट उतरून शहाद्याला नातेवाइकांकडे जावे लागेल, हे धरून निदान दोन दिवसांची मुभा द्या. ‘मग जळगावलाच या’ असेही सुचवू नका. एसटीने जाण्या-येण्यात दिवस मोडतो आणि तो खर्च बाकी उमेदवारांना करावा लागलेला नाही.

शेवटी पाठवण्याबद्दल. ज्याचे नेट गेले आहे त्याला ई-मेलही लगेच दिसणार नाही. म्हणून आधी फोन करा. लागला नाही तर साधा एसएमएस करा, कारण त्याला डेटा लागत नाही: ‘मुलाखत रद्द झालेली नाही. उरलेला भाग पुढील आठवड्यात घेऊ. सविस्तर ई-मेल पाठवत आहे.’ ई-मेल त्याच संध्याकाळी, मुलाखतीच्या आमंत्रणालाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे लिंक त्याला शोधावी लागणार नाही. सोमवारी सकाळी ११ पर्यंत उत्तर आले नाही तर पुन्हा फोन करा, आणि तोवर त्या पदाची निवड यादी वरिष्ठांकडे सहीसाठी पाठवू नका.