प्रवाहाविरुद्ध गेलेला वेळ परतीत पुरता का भरून निघत नाही?

प्रश्न: बोटीचा संथ पाण्यातला वेग ताशी १२ किमी आणि प्रवाहाचा वेग ताशी ३ किमी. १८ किमी वर जाऊन परत यायचं आहे. जाताना प्रवाह अडवतो, येताना तेवढाच ढकलतो, म्हणजे हिशेब फिटला आणि एकूण ३ तास लागायला हवेत. पण पुस्तकात उत्तर ३ तास १२ मिनिटं आहे. ही १२ मिनिटं आली कुठून?

उत्तर:

फिटतो तो वेगाचा हिशेब, वेळेचा नाही. वर जाताना काठावरून पाहणाऱ्याला बोट ताशी १२ − ३ = ९ किमीने जाताना दिसते, म्हणून १८ किमीला २ तास. परतताना वेग १२ + ३ = १५ किमी, म्हणून १८ ÷ १५ = १.२ तास, म्हणजे १ तास १२ मिनिटं. (इथे बरेच जण १.२ तासाला १ तास २० मिनिटं समजतात. ०.२ तास म्हणजे १२ मिनिटं.) पाणी संथ असतं तर दोन्ही वेळा दीड-दीड तास लागला असता. म्हणजे जाताना ३० मिनिटं जास्त गेली आणि येताना १८च वाचली.

हे असं का होतं, ते मला स्वतःला सूत्र पाठ असूनही बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. कळलं ते असा विचार केल्यावर: नदी किलोमीटर मोजत नाही, तास मोजते. बोट पाण्यात आहे तोवर दर तासाला नदी तिला ३ किमी खाली नेणार. वर जाताना तुम्ही २ तास पाण्यात होता, म्हणून नदीने तुम्हाला ६ किमी मागे ओढलं. परतताना तुम्ही फक्त १.२ तास होता, म्हणून तिने ३.६ किमीच पुढे ढकललं. उरलेले २.४ किमी बोटीला स्वतःच्या ताकदीवर जास्तीचे कापावे लागले. ताशी १२ किमीने २.४ किमीला किती वेळ लागतो? बरोबर १२ मिनिटं. तुमची १२ मिनिटं ती हीच.

म्हणूनच ९ आणि १५ ची सरासरी १२ काढून ३६ किमीला भागणं चुकतं. त्या दोन वेगांनी सारखं अंतर कापलंय, सारखा वेळ नाही. कमी वेगात जास्त वेळ गेला, त्यामुळे खरी सरासरी खाली येते: ३६ ÷ ३.२ = ताशी ११.२५ किमी.

एका ओळीत हवं असेल तर बोटीचा वेग ब, प्रवाहाचा प आणि एका बाजूचं अंतर अ धरा:

एकूण वेळ = २ × अ × ब ÷ (ब² − प²)

खरी माहिती त्या कंसात आहे. प्रवाहाचा वर्ग होतो, म्हणून प्रवाह थोडा वाढला तरी वेळ भसकन वाढतो. तुमच्याच उदाहरणात प्रवाह ताशी ६ किमी करून बघा: जायला ३ तास, यायला १ तास, एकूण ४ तास. प्रवाह दुप्पट झाला, पण जास्तीचा वेळ १२ मिनिटांवरून ६० मिनिटांवर गेला, म्हणजे पाचपट. प्रवाह ९ झाला तर वर जायलाच ६ तास लागतात आणि एकूण जवळपास ६ तास ५१ मिनिटं होतात. प्रवाह १२ झाला की कंस शून्य होतो. बोट पूर्ण जोरात चालू असते आणि काठावरचं झाड मात्र तिथल्या तिथे दिसत राहतं.

परीक्षेसाठी एवढं पुरे. पण मी होडी वल्हवतो, आणि पाण्यात उतरल्यावर हा प्रश्न उलटा समोर येतो: वेळ ठरलेला असतो आणि कुठून मागे फिरायचं हे ठरवायचं असतं. एकदा आम्ही ३ तासांसाठी होडी घेतली. संथ पाण्यात आमचा वेग ताशी ६ किमी होता आणि प्रवाह ताशी २ किमीचा. आम्ही आधी प्रवाहाबरोबर निघालो, दीड तास झाल्यावर ‘आता अर्धा वेळ झाला’ म्हणून वळलो. दीड तासात ताशी ८ किमीने १२ किमी खाली गेलो होतो. परत वर यायला ताशी ४ किमीने ३ तास लागले. दीड तास उशीर, शेवटचा पट्टा अंधारात, आणि हातांत त्राण उरलं नव्हतं.

आम्ही १ तासानंतर वळायला हवं होतं. तेव्हा ८ किमी खाली असतो आणि परतीला २ तास लागले असते, एकूण बरोबर ३. हा क्षण काढायचा तर प्रवाहाबरोबर आधी जाताना एकूण वेळेला (ब − प) ने गुणायचं आणि २ × ब ने भागायचं: ३ × ४ ÷ १२ = १ तास. आधी वर जाणार असाल तर (ब + प) घ्या: ३ × ८ ÷ १२ = २ तास. शक्य असेल तेव्हा मी आता आधी प्रवाहाविरुद्धच जातो. हात ताजे असताना कठीण भाग संपतो, आणि हिशेब थोडा चुकला तरी नदी घराकडेच ढकलत असते.

या सगळ्याला प्रवाहाचा वेग माहीत हवा, आणि तो काढणं सोपं आहे. काठाने ५० मीटर मोजून दोन खुणा करा, वरच्या खुणेच्या थोडं आधी पाण्यात काटकी सोडा आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंतचा वेळ घ्या. ६० सेकंद लागले तर मिनिटाला ५० मीटर, म्हणजे ताशी ३ किमी. काटकी मधल्या धारेत जायला हवी, कारण काठालगत पाणी हळू वाहतं. याच कारणाने अनुभवी नावाडी वर जाताना खोली पुरेशी असेल तिथे काठाच्या बाजूने जातात आणि परतताना मधोमध येतात. तसं केलं तर जाताना आणि येताना प्रवाह वेगळा धरावा लागतो. मग वरचं एका ओळीचं सूत्र चालत नाही, दोन्ही फेऱ्यांचे वेळ वेगवेगळे काढून बेरीज करायची.

मोटरबोट असेल तर मोबाइलवरचा जीपीएस वेग वापरा. तो काठाच्या तुलनेतला असतो, पाण्याच्या नाही. एकाच पट्ट्यात, इंजिनाचा जोर न बदलता, एकदा वर आणि एकदा खाली जाऊन आकडे टिपा. ९ आणि १५ आले तर बेरजेचा निम्मा १२ हा बोटीचा वेग आणि वजाबाकीचा निम्मा ३ हा प्रवाहाचा. वर पाऊस पडून पाणी चढलं की बोटीचा आकडा तोच राहतो, पण प्रवाहाचा पुन्हा मोजावा लागतो.