आधी ‘ॲप आवडलं का?’ आणि मग रेटिंग?

प्रश्न: आमच्या ॲपमध्ये रेटिंग नेमकं कधी मागावं? आधी “ॲप आवडलं का?” विचारून ‘हो’ वाल्यांना प्ले स्टोअरवर आणि ‘नाही’ वाल्यांना फीडबॅक फॉर्मवर पाठवलं तर चालेल का?

नाही चालणार. गूगलच्या इन-ॲप रिव्ह्यूच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की रेटिंगचं कार्ड दाखवण्याआधी किंवा दाखवताना युजरला त्याचं मत विचारायचं नाही. ‘आवडलं का’ पण नाही आणि ‘पाच स्टार द्याल का’ पण नाही. ॲपलने तर तुम्ही स्वतः बनवलेला रेटिंगचा पॉपअपच बंद केलाय, त्यांचाच वापरावा लागतो.

आता हा प्रश्न बघून मला लिहायला बसावंच लागलं, कारण याच एका पॉपअपवरून माझ्या पार्टनरशी इतकी वादावादी झालीय की आमच्या ऑफिसखालचा चहावाला पण आता विषय ओळखतो. आमचं डब्याचं ॲप आहे. कोथरूड, कर्वेनगर आणि पेठांमधले स्पर्धा परीक्षावाले, शिवाय हिंजवडीला जाणारे थोडे आयटीवाले. महिन्याचा प्लॅन घ्यायचा, गावाला जाणार असलात तर तेवढे दिवस डबा ‘बंद’ ठेवायचा आणि ते दिवस प्लॅनच्या शेवटी जोडून मिळतात. एवढंच काम.

पार्टनरने कुठूनतरी उचलून नियम लावला होता: तिसऱ्यांदा ॲप उघडलं की पॉपअप. ‘ॲप आवडलं का?’, हो म्हटलं की स्टोअर, नाही म्हटलं की फॉर्म. त्याचं म्हणणं, “अरे वाईट रेटिंग आपोआप गाळलं जातं, तुला प्रॉब्लेम काय आहे?” प्रॉब्लेम असा की डब्याचं ॲप माणूस उघडतो कधी याचा त्याने विचारच केला नव्हता. ज्याचा डबा साडेबाराला दारात येतो तो जेवतो आणि लायब्ररीत जातो, तो कशाला ॲप उघडेल? एक वाजून गेला, पोटात कावळे ओरडतायत आणि डबेवाला फोन उचलत नाहीये, तेव्हा उघडतो. म्हणजे तिसऱ्यांदा ॲप उघडणारा हा आमचा सगळ्यात चिडलेला गिऱ्हाईक, आणि आम्ही त्यालाच धरून विचारत होतो की आवडलं का. मी लॉग काढून दाखवले होते, पॉपअप दिसण्याची वेळ दुपारी साडेबारा ते दोनमध्येच गोळा झालेली. तरी तो म्हणे योगायोग.

आणि त्या फॉर्मचं काय झालं ते ऐका. फॉर्ममधलं लिखाण एका ईमेलवर जायचं जो कुणीच बघत नव्हतं. लोक बिचारे नीट लिहायचे, भाजी आंबट होती, डबा चुकीच्या विंगमध्ये ठेवला वगैरे. उत्तर नाही. मग दोन दिवसांनी तोच माणूस स्वतः स्टोअर शोधून एक स्टार देणार आणि वर लिहिणार की ‘विचारतात पण ऐकत नाहीत’. नाराज माणूस ‘नाही’ दाबल्यावर गाळला जात नाही, त्याला स्टोअरचा रस्ता माहीत असतो, आपण फक्त त्याला अजून एक कारण देतो.

शेवटी मी काय केलं ते सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न ‘कधी’ हा आहे. तक्रार आणि रेटिंग यांचा संबंधच तोडला. ऑर्डरच्या स्क्रीनवर ‘डबा आला नाही’ असं बटण कायम ठेवलं, ते दाबलं की ऑर्डर नंबर आणि पत्त्यासकट मेसेज थेट त्या रूटच्या मुलाला आणि किचनमधल्या काकूंना जातो. खूश आहात का वगैरे काही विचारत नाही. माणसाला मत द्यायचं नसतं, डबा हवा असतो.

रेटिंगसाठी क्षण निवडला तो वागण्यावरून. आमच्याकडे सगळ्यात गोड क्षण कुठला निघाला माहितीये? गावाहून परत आल्यावर जेव्हा बंद ठेवलेले दिवस प्लॅनमध्ये जोडलेले दिसतात तो. पैसे बुडाले नाहीत हे डोळ्यांनी दिसतं. त्यात अटी अशा: प्लॅन किमान एकदा रिन्यू केलेला हवा, गेल्या दोन आठवड्यांत तक्रार किंवा पेमेंट फेल झालेलं नको, ॲप क्रॅश झालेलं नको, आणि वेळ जेवणाची नको. कार्ड त्या स्क्रीनवर दाखवायचं नाही, त्याने वाचून मागे येऊन होम स्क्रीन दिसली की मग. काम चालू असताना मध्ये टपकलात तर खूश माणूस पण चिडतो.

वर सर्व्हरवरून बंद करता येईल असा एक स्विच ठेवा. पालखी पुण्यात येते त्या दिवशी रस्ते बंद, निम्मे डबे उशिरा, विसर्जनाला तेच. अशा आठवड्यात आम्ही कुणालाच विचारत नाही, त्यासाठी नवीन व्हर्जन काढायला लागू नये.

अँड्रॉइडवर दोन खड्डे आहेत. एक, `launchReviewFlow` बोलावलं म्हणजे कार्ड दिसलंच असं नाही. गूगलचा कोटा असतो, महिन्याच्या आत परत बोलावलंत तर बहुधा काहीच दिसणार नाही, आणि कार्ड दिसलं का, स्टार दिले का हे तुम्हाला कळतच नाही. त्यामुळे ‘इतक्यांना विचारलं, इतक्यांनी दिलं’ असा रिपोर्ट जो मागतो (आमच्याकडे कोण मागायचा ते समजलंच असेल) त्याला सांगा की असा आकडा नसतो. दोन, मेन्यूमधल्या ‘रेटिंग द्या’ बटणाला हेच फंक्शन जोडू नका. कोटा संपला असेल तर माणूस बटण दाबत बसेल आणि काही होणार नाही. तिथे साधी स्टोअरची लिंक द्या.

आयफोनवर ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीन वेळा दिसतं, टेस्टफ्लाइटवर दिसतच नाही, म्हणून टेस्टर ‘चालत नाही’ म्हणाला तर घाबरू नका.

पार्टनर अजून म्हणतो की तक्रारवाल्यांना दोन आठवडे न विचारणं हे पण गाळणंच झालं. त्यात थोडं तथ्य आहे, मान्य. पण तो माणूस नंतर परत रांगेत येतो, आणि मेन्यूमधली लिंक त्याला तक्रारीच्या दिवशीपण उघडी असते. तिथून वाईट रिव्ह्यू आला तर स्टोअरवरच उत्तर द्या, प्ले स्टोअरवर ३५० अक्षरं मिळतात, त्यात ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ लिहून जागा वाया घालवू नका, डब्याचं काय झालं ते लिहा. गिऱ्हाईक नंतर स्टार बदलू शकतो, आमच्याकडे काहींनी बदललेत. आणि हो, ‘पाच स्टार द्या, एक डबा फुकट’ ही पार्टनरची पुढची आयडिया होती, तीही प्लेच्या पॉलिसीत बसत नाही. तुमच्याकडे कुणी सुचवली तर तिथेच थांबवा.

तुमचं ॲप कशाचं आहे ते लिहिलं नाहीये. डब्यासारखं, अडचण आली की उघडायचं ॲप नसेल, म्हणजे गेम किंवा अभ्यासाचं असेल, तर माझं दुपारचं गणित तुम्हाला लागू नाही. तुमचे लोक कधी उघडतात आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात काय असतं, ते आधी लॉगमध्ये बघा.