मोबाइलवरची रमी: सगळी पाने लागूनही ८० गुण का?

प्रश्न: घरी रमी नेहमी खेळतो. मोबाइलवर तेराही पाने लावून डिक्लेअर केले, तरी माझ्यावर ८० गुण का चढले?

उत्तर: तुमच्या हातात जोकरविना लागलेला सिक्वेन्स बहुधा नसावा. समजा, बदामची चौर्री-पंजी आणि जोकर, इस्पिकची अठ्ठी-नव्वी-दश्शी आणि जोकर, तीन राजे व तीन सत्त्या असा हात आहे. तेराही पाने नीट लागलेली दिसतात. परंतु तेरा पानांच्या रमीत किमान दोन सिक्वेन्स लागतात आणि त्यांतील एक शुद्ध असावाच लागतो. इथे इस्पिकच्या तीन पानांचा शुद्ध सिक्वेन्स तयारच आहे, फक्त त्याला जोकर चिकटवल्यामुळे तो शुद्ध राहत नाही. तोच जोकर राजांकडे सरकवला असता, तर हा हात बिनचूक ठरला असता.

घरी पाने उघडण्याआधी कोणीतरी टोकते. ॲप मात्र तुम्ही केलेले गटच तपासते आणि चूक आढळताच सहसा पूर्ण ८० गुण देते. म्हणून डिक्लेअर करण्यापूर्वी पाने हाताने गटांत लावावीत, आपोआप होणाऱ्या मांडणीवर विसंबू नये. सराव बिनपैशाच्या टेबलावरच करावा, कारण २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यास मनाई केली आहे.