दोन्हीकडे डल, मग आवाज एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त का?

प्रश्न: "छातीत पाणी असो की न्यूमोनिया, परकशनला दोन्हीकडे डलच येतं. मग व्होकल रेझोनन्स एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त का? तक्ता पाठ करतो आणि वॉर्डात उभं राहिलो की उलटं बोलून बसतो. हवा भरली असेल तर आणखीच गोंधळ."

उत्तर: तक्ता बाजूला ठेवा. या दोन तपासण्या दोन वेगळे प्रश्न विचारतात, आणि गोंधळ होतो तो त्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत असं वाटल्यामुळे. परकशनचा ठोका विचारतो, "माझ्या बोटाखाली हवा आहे का?" व्होकल रेझोनन्स, म्हणजे पेशंट बोलताना छातीवर स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाज, विचारतो, "घशातून निघालेला सूर इथपर्यंत पोचायला वाट आहे का?" पाणी आणि न्यूमोनिया यांचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, दुसऱ्याचं नाही.

आधी ठोका. तो ऐकण्याइतकाच बोटाला जाणवायचा असतो. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत, बरगड्यांना समांतर, घट्ट टेकवा. बाकीची बोटं उचललेली ठेवा, नाहीतर ती कंप शोषून घेतात. उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने टेकवलेल्या बोटाच्या मधल्या पेरावर मनगटातून ठोका द्या आणि बोट लगेच उचला. कोपरातून मारलात की सगळीकडे एकसारखाच आवाज येतो. सवय स्वतःच्या अंगावर करता येते. गाल फुगवून त्यावर ठोका, ढोलासारखा वाजेल. कॉलरबोनच्या खाली ठोका, तो नॉर्मल फुफ्फुसाचा घुमणारा आवाज. उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांवर ठोका, तिथे लिव्हर आहे, आवाज मिटलेला येईल. शेवटी मांडीवर ठोका. तिथे आवाज तर मरतोच, पण टेकवलेल्या बोटाला दगडावर आपटल्यासारखा विरोध जाणवतो. छातीत भरपूर पाणी असेल तर बोटाला मांडीवरचा तो विरोध आठवतो, म्हणून त्याला स्टोनी डल म्हणतात. न्यूमोनियाने घट्ट झालेलं फुफ्फुस लिव्हरच्या जवळपास वाजतं. हा फरक खरा आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर निदान करू नका. जाड अंगाच्या माणसात किंवा पाठीच्या भरीव स्नायूंवर तो पुसट होतो.

ही पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर या व्हिएन्नातल्या डॉक्टरने 1761 मध्ये छापली. त्याचे वडील खानावळ चालवत आणि पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून पाहत, असं सांगितलं जातं. पिंपाचं उदाहरण मला मात्र अपुरं वाटतं. पिंप एवढंच सांगतं की हवा कुठे संपली. तिच्याखाली काय आहे ते सांगत नाही. परकशनची मर्यादाही नेमकी तीच.

आता आवाज, कारण तुमचा खरा प्रश्न इथे आहे. माणूस "एक, दोन, तीन" म्हणतो तेव्हा सूर श्वासनलिकेतून, ब्राँकसमधून खाली उतरतो आणि फुफ्फुसात शिरतो. निरोगी फुफ्फुस म्हणजे फेस आहे, कोट्यवधी बारीक बुडबुड्यांचा. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात साधारण 1500, पण फेसात तो या दोन्हींपेक्षा कितीतरी हळू जातो. प्रत्येक बुडबुड्याच्या भिंतीवर तो थोडा परततो, थोडा विखुरतो. यात आधी मरतात त्या उंच पट्टीच्या लहरी, आणि शब्द ओळखू येतात ते नेमके त्यांच्यामुळे. म्हणून नॉर्मल छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की बंद दाराआडून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. गुणगुण ऐकू येते, शब्द कळत नाहीत.

न्यूमोनियात बुडबुडे स्रावाने भरतात. फेस संपला, घट्ट गोळा उरला, पण ब्राँकस मोकळा आहे. सूर ब्राँकसमधून थेट त्या गोळ्यापर्यंत येतो आणि गोळा छातीच्या भिंतीला टेकलेला असतो. मधली चाळणी गेली. आवाज मोठा येतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे शब्द सुटे आणि स्पष्ट येतात. याची सगळ्यात चांगली परीक्षा कुजबुजीची. कुजबुजताना स्वरतंतू कंपत नाहीत, खालची पट्टी जवळपास नसतेच, म्हणून नॉर्मल फुफ्फुसातून जवळपास काहीच येत नाही. घट्ट फुफ्फुसावर मात्र तेच "एक, दोन, तीन" कानात कुणी सांगितल्यासारखं येतं. मोठ्या आवाजातला व्होकल रेझोनन्स वाढलाय की नाही अशी शंका असेल तेव्हा मी नेहमी कुजबूज ऐकतो.

मग पाणी? पाण्यातून तर आवाज छान जातो, हे शाळेत शिकलेलं असतं, आणि तुमची गाडी इथेच अडते. अडचण पाण्यात नाही, पाण्याच्या काठावर आहे. फेसासारख्या फुफ्फुसातून निघालेला सूर पाण्याच्या सीमेवर येतो तेव्हा दोन्ही माध्यमं इतकी वेगळी असतात की बहुतेक सूर मागे परततो. त्यात पाण्याने फुफ्फुस भिंतीपासून दूर ढकललंय आणि पाण्याच्या वजनाखाली भिंतही नीट कंपत नाही. म्हणून आवाज कमी किंवा नाहीसा.

फुफ्फुसाबाहेर हवा साठली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला, तरी काठ तसाच असतो. फुफ्फुस आणि भिंत यांच्यामध्ये परकं काहीतरी आलंय, म्हणून आवाज इथेही कमी. फक्त बोटाखाली आता नुसती हवा आहे, त्यामुळे ठोका नॉर्मलपेक्षा जास्त घुमतो. धोका असा की वॉर्डात विद्यार्थी घुमणारी बाजू नॉर्मल समजतात आणि दुसऱ्या, चांगल्या बाजूला डल म्हणतात. घुमणाऱ्या बाजूलाच आवाज कमी असेल तर तीच बाजू आजारी, एवढं धरलं की सुटका होते.

एक पेशंट सांगतो. पंचेचाळिशीच्या बाई, दोन आठवडे ताप, कोरडा खोकला. सुरुवातीला उजव्या कुशीत श्वास घेताना टोचायचं, मग टोचणं आपोआप थांबलं आणि धाप लागायला लागली. इथेच कान टवकारावेत. फुफ्फुसाच्या आवरणाचे दोन्ही पदर एकमेकांवर घासत होते तोवर दुखत होतं, मध्ये पाणी आलं तसं घासणं थांबलं. बसवून, दोन्ही हात समोर घेऊन खांद्यांवर ठेवायला सांगितले, म्हणजे खांद्याची पाती बाजूला सरकतात. वरून खाली, प्रत्येक पातळीवर डावी-उजवी तुलना करत ठोकत आलो. उजवीकडे पात्याच्या मध्यापर्यंत घुमत होतं, मग मिटायला लागलं, आणि पात्याच्या खालच्या टोकाशी बोटाला मांडी आठवली. पुढून उजवीकडे चौथ्या जागेतच डल लागलं. लिव्हरचं डल एरवी पाचव्या-सहाव्या जागेत सुरू होतं. तेवढ्यावर "लिव्हर वर सरकलंय" असंही कुणी म्हणू शकतं, म्हणून खोल श्वास घेऊन रोखायला सांगितलं. डलची सीमा खाली सरकली नाही.

मग "एक, दोन, तीन". खाली जवळपास शांतता. वर नॉर्मल गुणगुण. आणि मधोमध, डल सुरू होतं तिथेच, दोन बोटं रुंद पट्ट्यात आवाज चक्क वाढलेला, नाकातला आणि थरथरता. "ई" म्हणायला सांगितलं तर "ए" ऐकू आलं, शेळीच्या आवाजासारखं. विद्यार्थी हा पट्टा ऐकून न्यूमोनिया म्हणतात. पाण्याच्या वरच्या काठाशी पाण्याचा थर पातळ असतो आणि मागचं फुफ्फुस दाबून घट्ट झालेलं असतं, म्हणून तिथे हा सूर निघतो. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने या आवाजाला शेळीवरूनच नाव दिलं. खाली शांतता आणि वर शेळी, ही जोडी मिळाली की पाणी. श्वासनलिका बोटाने पाहिली, किंचित डावीकडे ढकललेली होती.

सोनोग्राफीत पाणी दिसलं आणि तिच्याच मार्गदर्शनाखाली सुई घातली. नुसत्या ठोक्यावर सुई घालायची नाही. पेंढ्याच्या रंगाचं पाणी निघालं. जवळपास एक लिटर काढल्यावर त्याच दिवशी पुन्हा ठोकलं, घुमणारा आवाज दोन जागा खाली आला होता आणि शेळीचा पट्टाही त्याच्याबरोबर खाली उतरला होता. अशी संधी मिळाली तर सोडू नका, आधी आणि नंतर दोन्ही वेळा स्वतः ठोका. एक मर्यादाही लक्षात ठेवा. पाणी साधारण 300 मिलीपेक्षा कमी असेल तर ठोक्याला ते सहसा कळत नाही, तेव्हा छाती "क्लिअर" लिहिलीत तरी पाणी नाही असं सिद्ध होत नाही.

तक्त्यात न बसणारी एक गोष्ट मी रेसिडेंट असताना शिकलो. सिगारेट ओढणारे एक वयस्कर गृहस्थ आले. डावी बाजू वरपासून खालपर्यंत डल, आवाज अजिबात नाही, एक्स-रेत डावी बाजू पूर्ण पांढरी. मी पाणी लिहिलं आणि सुईचा ट्रे मागवला. माझ्या सिनियरने काही न बोलता माझं बोट धरून पेशंटच्या गळ्याच्या खाचेत टेकवलं. श्वासनलिका डावीकडे होती. एवढं पाणी असतं तर ती उजवीकडे ढकलली गेली असती. इथे फुफ्फुस आकसलं होतं आणि तिला स्वतःकडे ओढत होतं. हृदयाचा ठोकाही काखेकडे सरकलेला होता. ब्राँकोस्कोपीत डाव्या मुख्य ब्राँकसमध्ये गाठ निघाली. फुफ्फुस घट्ट होतं, पण सुराची वाट तोंडाशीच बंद होती, म्हणून आवाज पाण्यासारखाच गेला. न्यूमोनियातही ब्राँकस कफाने पूर्ण बंद झाला तर हेच होतं, आणि पेशंट जोरात खोकून कफ काढतो तेव्हा पाच मिनिटांत व्होकल रेझोनन्स परत येऊ शकतो. म्हणून डल आणि आवाज कमी असं मिळालं की खोकायला सांगा, पुन्हा ऐका, मग श्वासनलिकेला बोट लावा. एक बाजू पूर्ण डल आणि श्वासनलिका मात्र मधोमध असेल तर पाणी आणि बंद ब्राँकस दोन्ही असण्याची शंका घ्या, एक ढकलतंय आणि दुसरं ओढतंय.