दुसऱ्या राउंडनंतरची मेल आणि चुकलेलं एक उत्तर

"काल सीताबर्डीला सेल्स ऑफिसरच्या जागेसाठी दुसरा राउंड झाला. रिजनल मॅनेजर होते. एका प्रश्नावर माझी गाडी घसरली. थँक्यू मेल टाकू का? लोचटपणा तर नाही ना वाटणार? आणि ते उत्तर पुन्हा काढू, की झाकली मूठ राहू देऊ?"

मेल टाकायची, आणि आजच, दुपारच्या आत. मॅनेजरने एचआरला आपलं मत एकदा कळवलं की मेल कितीही चांगली असो, ती नुसतीच वाचली जाते. लोचटपणा आभारात नसतो, मागण्यात असतो. "कृपया एक संधी द्यावी" हे वाक्य आलं की तो आलाच.

हा मुलगा इतवारीत एका डिस्ट्रिब्युटरकडे तीन वर्षं काम करतोय. मॅनेजरने त्याला विचारलं होतं, "भंडाऱ्याच्या डिस्ट्रिब्युटरकडे 9 लाखांचा साठा पडलाय, दुकानांत महिन्याला 6 लाखांचा माल जातो. तो नवी ऑर्डर द्यायला तयार नाही. तुमचं टार्गेट 4 लाखांनी कमी पडतंय. काय कराल?" हा म्हणाला, "समजावीन, जास्तीची स्कीम देऊन माल उतरवीन." मॅनेजरने तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला, याने तेच उत्तर पुन्हा दिलं.

इथेच निर्णय होतो. प्रश्न कामाच्या गाभ्याचा होता आणि दोनदा विचारला गेला, म्हणजे चूक समोरच्याच्या लक्षात आली आहे. अशी मूठ झाकलेली नसतेच; ती मेलमध्ये दुरुस्त करावी. एखादा आकडा आठवला नाही, शब्द अडखळला, तर मात्र गप्प बसावं. आपणच कशाला दाखवून द्या?

त्याने आणलेला पहिला मसुदा पानभर होता. सुरुवातीलाच "मी घाबरलो होतो". सेल्सचा मॅनेजर हे वाचून एवढंच म्हणेल की हा दुकानदारासमोरही घाबरेल. पुढे चुकलेल्या उत्तराचा निबंध, खाली पगाराबद्दल लवचीक असल्याची ग्वाही आणि सीव्ही पुन्हा जोडलेला. शिवाय "हृदयपूर्वक आभार", म्हणजे लग्नपत्रिकाच! हे सगळं काढलं. दुरुस्तीला तीनच वाक्यं ठेवली. मेल इंग्रजीत गेली, पण मजकूर आधी मराठीत पक्का केला:

विषय: कालच्या भेटीबद्दल आभार – सेल्स ऑफिसर, भंडारा

नमस्कार सर,
काल वेळ दिल्याबद्दल आभार. तुमसर बीटवरची बंद पडलेली दुकानं आधी सुरू करायची आहेत, हे तुम्ही सांगितल्यामुळे कामाचा नेमका अंदाज आला.
डिस्ट्रिब्युटरच्या प्रश्नावर मी फक्त स्कीमबद्दल बोललो, ते उत्तर अपुरं होतं. त्याच्याकडे 45 दिवसांचा माल आहे, त्यामुळे मी आणखी माल न टाकता आधी त्याच्या सेल्समनसोबत बीटवर फिरून आहे तो साठा हलवीन. टार्गेटला किती तूट येईल हेही तुम्हाला महिनाअखेरीची वाट न पाहता कळवीन.
या कामात मला रस आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावे.
(नाव, मोबाइल नंबर)

45 दिवस हा आकडा मॅनेजरच्याच आकड्यांतून निघाला: 9 लाखांचा साठा, 6 लाखांची मासिक विक्री, म्हणजे दीड महिना. डिस्ट्रिब्युटरकडे माल उतरवला की कंपनीच्या कागदावर विक्री दिसते, पण दुकानात न गेलेला माल पुढे एक्सपायरी होऊन परत येतो आणि डिस्ट्रिब्युटरचे पैसे अडकतात. हे या मुलाला समजतं का, एवढंच मॅनेजरला पाहायचं होतं. इतवारीत तीन वर्षं काढलेल्याला ते समजत होतंच, फक्त त्या क्षणी सुचलं नाही.

मॅनेजरचा मेल आयडी त्याच्याकडे नव्हता. नाव-आडनाव जोडून अंदाजाने पत्ता बनवू नये. मेल परत येते, किंवा दुसऱ्याच कुणाकडे जाते. इंटरव्ह्यूचं बोलावणं ज्या मेलवर आलं, तिलाच उत्तर देऊन "ही मेल सरांपर्यंत पोहोचवावी" असं एचआरला लिहायचं. व्हिजिटिंग कार्ड मिळालं असेल तर थेट मॅनेजरला, सीसीत एचआर. पाठवण्याआधी दोन गोष्टी मोठ्याने वाचायच्या: मॅनेजरच्या नावाचं स्पेलिंग आणि कंपनीचं नाव. जुन्या मेलवरून कॉपी करताना दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जातं, आणि मग आभारही तिचेच मानले जातात.

या मेलला उत्तर आलं नाही तर त्यावरून काही ठरवू नये. बरेच मॅनेजर देत नाहीत. एचआरने बुधवारपर्यंत कळवतो म्हटलं असेल तर शुक्रवारी दोन ओळींची विचारणा करावी, तीही एचआरलाच. भंडारा-गोंदियात मुक्कामी राहणार का, याला त्याने काल "बघू" म्हटलं होतं. तिथे शब्दांची दुरुस्ती चालत नाही. घरी विचारून हो किंवा नाही ठरवायचं आणि हो असेल तरच ती एक ओळ मेलमध्ये घालायची.