कॅपिटल रिडक्शनच्या गणितात आधी फेस व्हॅल्यू बघ

अरे, एन्ट्री मारायच्या आधी स्कीमचं वाक्य दोनदा वाच, कारण "१०० रुपयांचा शेअर ४० रुपयांचा केला" आणि "फेस व्हॅल्यू १००च ठेवून पेड-अप ४० केला" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मी पोरं इथेच अडकतात.

समज १०,००० शेअर्स आहेत. पहिल्या केसमध्ये जुनं इक्विटी शेअर कॅपिटल १०,००,००० ने पूर्ण डेबिट, नवीन ४० वालं ४,००,००० ने क्रेडिट आणि उरलेले ६,००,००० कॅपिटल रिडक्शन अकाउंटला. दुसऱ्या केसमध्ये फक्त ६,००,००० डेबिट-क्रेडिट, संपलं.

आता त्या ६ लाखातून पी अँड एलचा डेबिट बॅलन्स ३,५०,०००, गुडविल १,००,०००, मशिनरी ८०,००० राइट ऑफ कर, स्कीमचा खर्च १०,००० पण ह्यातूनच जातो. उरले ६०,०००, ते कॅपिटल रिझर्व्हला टाक, पी अँड एलला नाही, तो नफा धंद्यातून आलेला नाहीये.

प्रेफरन्स डिव्हिडंडची थकबाकी पूर्ण माफ झाली तर एन्ट्रीच नाही, कारण ती बुक्समध्ये नव्हतीच, नुसती नोट होती. थोडी द्यायची ठरली तर मात्र कॅपिटल रिडक्शन डेबिट, बँक क्रेडिट.

बॅलन्स शीट १०,००० ने जुळत नसेल तर आधी बँक बघ, खर्च रिडक्शनला टाकून बँकेतून वजा करायचा राहिलेला असतो बहुतेक वेळा.